सात वर्षांचा ब्रेक आणि समरीतल्या चार ओळी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. जुलै २०१० ते ऑक्टोबर २०१८, एकाच कंपनीत, शेवटची तीन वर्षं बिलिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग टीमची लीड. मुलगी झाली म्हणून नोकरी सोडली. परत निघणार तोच वडिलांचं आजारपण आलं, त्यात अडीच वर्षं गेली. बघता बघता सात वर्षं होत आली. मधे जानेवारी ते एप्रिल २०२४ एका मैत्रिणीच्या ॲपचं टेस्टिंग केलं, पैसे न घेता. औषधांची वेळ आठवून देणारं ॲप होतं. गेले सहा महिने पायथन आणि वेबसाइटच्या टेस्ट आपोआप चालवणारं सेलेनियम हे साधन शिकतेय. आता रिझ्युमे लिहायला बसले की वरच्या समरीपाशीच अडते. एक मैत्रीण म्हणते, ‘२०१८ पासून फ्रीलान्स कन्सल्टंट’ असं टाकून दे, कोण विचारतंय? भाऊ म्हणतो, तारखाच काढून टाक, नुसती कौशल्यं लिही. ओळखीच्या एक बाई म्हणतात, घर सांभाळणं हेही मॅनेजमेंटच आहे, तसंच लिही. मला खोटं लिहायचं नाही. पण खरं सगळं लिहिलं की ते माफीनाम्यासारखं वाटतं. सोबत माझा मसुदा पाठवतेय. प्रामाणिक राहून चांगलं कसं लिहू?

*

प्रामाणिकपणा म्हणजे कारण सांगणं, असं तुम्ही धरून चालला आहात. सगळी अडचण तिथून सुरू होते. रिझ्युमेतला खरेपणा फार कोरड्या गोष्टींवर तपासला जातो: कोणत्या तारखेला लागलात, कधी सोडलंत, पद काय होतं, आणि प्रत्यक्ष काम केलेली वर्षं किती. जुन्या कंपनीकडे चौकशी होते तीही मुख्यतः याचीच. ब्रेक का घेतला हे तुमचं खाजगी आहे. ते किती सांगायचं, कुणाला आणि कधी, हे तुम्ही ठरवायचं. कारण न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. तारखा न जुळणं म्हणजे मात्र लपवणंच.

या कसोटीवर तुमचा मसुदा बघू. नावं-गावं नाहीत, म्हणून तो इथे जसाच्या तसा देतो:

> टेस्टिंग क्षेत्रात २०१० पासून. कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे २०१८ मध्ये दुर्दैवाने करिअर थांबवावं लागलं. या काळात मुलीचं संगोपन आणि वडिलांचं आजारपण यामुळे पूर्णवेळ काम करता आलं नाही. आता परिस्थिती अनुकूल असून नव्या जोमाने सुरुवात करण्यास उत्सुक आहे. मेहनती, पटकन शिकणारी आणि संघभावनेने काम करणारी.

पाच वाक्यं आहेत. त्यातली तीन ब्रेकबद्दल, एक स्वभावाबद्दल. कामाबद्दल उरलं ते पहिलं वाक्य, आणि गंमत म्हणजे नेमकं तेच खरं नाही. ‘२०१० पासून’ वाचणारा पंधरा वर्षं धरतो. तुमची आहेत आठ वर्षं तीन महिने. तुम्ही मुद्दाम केलेलं नाही, हे मला दिसतंय. अशी चूक बरेच जण करतात, कारण पहिल्या नोकरीपासून आजपर्यंत मोजायची सवय असते. पण ज्या वाक्यांत तुम्ही काळजीपूर्वक सगळं खरं सांगितलं ती कुणी मागितलेली नव्हती, आणि जो आकडा तपासला जाणार होता तो सैल राहिला.

शिवाय बिलिंगचा उल्लेखच नाही. टीम सांभाळली त्याचा नाही. मैत्रिणीच्या ॲपचा नाही. सेलेनियमचाही नाही. म्हणजे मसुदा माफीनाम्यासारखा वाटतो त्याचं कारण तुम्ही खरं लिहिलंत हे नाही. खऱ्यातला कामाचा भाग गाळून फक्त खुलासा ठेवलात, हे आहे. ‘दुर्दैवाने’, ‘थांबवावं लागलं’, ‘करता आलं नाही’ ही शब्दयोजना वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकते की पुढे काहीतरी उणं आहे.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. तिन्ही सल्ले बऱ्याच घरांतून दिले जातात, म्हणून जरा थांबून बघू.

मैत्रिणीचा सल्ला सर्वांत धोक्याचा आहे, आणि तो नीतीच्या आधी व्यवहारातच फसतो. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमधून जातो. ते तारखा वाचतं आणि अनुभवाची बेरीज करतं. ‘२०१८ ते आजपर्यंत फ्रीलान्स’ लिहिलं की तुमच्या नावापुढे पंधरा वर्षं लागतात. मग बोलावणं येतं ते पंधरा वर्षांच्या माणसाला साजेशा पदासाठी, आणि पहिल्या तांत्रिक मुलाखतीत प्रश्नही त्याच पातळीचे येतात: गेल्या दोन वर्षांत टीमने किती रिलीज केले, टेस्टिंगची साधनं कोणती निवडली आणि का. त्याचं उत्तर तुमच्याकडे असणार नाही, आणि ते असायचं कारणही नाही. समजा तिथूनही निभावलं, तरी ऑफर देताना पार्श्वभूमी तपासणी होते. फ्रीलान्स काम दाखवलं असेल तर करारपत्र, बिलं किंवा ग्राहकाचा संपर्क मागतात. चार महिन्यांचं काम सात वर्षांवर पसरलेलं तिथे उघडं पडतं, आणि ऑफर मागे घेतली जाऊ शकते. ब्रेकमुळे नाही, तर विसंगतीमुळे.

त्यातही वाईट हे की त्या पसरवण्यात तुमचे खरे चार महिने बुडतात. ते काम दाखवण्याजोगं आहे. त्याकडे परत येऊ.

भावाचा सल्ला थोडा वेगळा आहे, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. तारखा काढून केवळ कौशल्यांच्या मथळ्यांखाली सगळं लिहायचं, अशा रिझ्युमेची एक पद्धत आहे. अनुभवी एचआरला ती दिसताक्षणी पहिला प्रश्न हाच पडतो की काय झाकलंय. अर्ज वाचणारं सॉफ्टवेअरही तारखा नसल्या की गोंधळू शकतं, आणि अनुभवाची बेरीज त्याला नीट करता येत नाही. म्हणजे ब्रेक लपत नाही, उलट आठ वर्षं लपतात. सगळ्या तारखा काढणं मला पटत नाही. पण समरीत तारखांऐवजी वर्षं बोलू द्यावीत, एवढं त्यातलं घ्या. का, ते पुढे सांगतो.

राहिला तिसरा. घर सांभाळणं हे काम आहे, यात वाद नाही. पण ‘घरचं बजेट, वेळेचं नियोजन, ताणतणाव हाताळणं’ असं रिझ्युमेत लिहिलं की टेस्टिंगसाठी माणूस शोधणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला हवंय, ही बाई बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधली चूक पकडेल का. त्याचं उत्तर तुमच्याकडे भरपूर आहे. जागा त्याला द्या.

आता संशोधन काय सांगतं ते बघू, कारण ‘सगळं मोकळेपणाने सांगा’ असा सल्ला देणाऱ्यांना ते माहीत असतंच असं नाही. केट वाइसहार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्जांत पात्रता सारखीच होती. फरक एवढाच की काही जण नोकरीत होते, काही नोकरी गेल्यामुळे घरी होते, आणि काही मुलांसाठी घरी थांबले होते. आयांच्या अर्जांत नोकरीत असणाऱ्यांना १०० मागे साधारण १५ ठिकाणांहून प्रतिसाद आला. नोकरी गेलेल्यांना १० ठिकाणांहून. मुलांसाठी घरी थांबलेल्यांना ५. बापांचे आकडे जवळपास असेच होते.

हे वाचून वाईट वाटणं साहजिक आहे. हा पूर्वग्रह आहे, आणि तो चूक आहे. पण तुम्हाला पुढच्या महिन्यात अर्ज करायचा आहे, तेव्हा त्याचा उपयोग करून घ्या. घरासाठी थांबले हे कारण समरीत, म्हणजे सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या जागी, ठळकपणे मांडल्याने मदत होत नाही. वाचणारा तिथेच मनाशी ठरवून टाकतो की हिचं लक्ष कामावर असणार नाही. नोकरी गेली होती असं सांगणं हा काही उपाय नव्हे, ते खोटं ठरेल. उपाय हा की समरीत ब्रेकचा उल्लेख असावा, कारण मात्र नसावं. कारणाची जागा खाली, तारखांच्या यादीत आहे, तीही दोन शब्दांपुरती.

दुसरा एक प्रयोग ब्रिटनमधला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नऊ हजारांहून जास्त अर्ज पाठवले होते. नोकऱ्यांच्या तारखांऐवजी ‘इथे इतकी वर्षं काम केलं’ असं लिहिलेल्या अर्जांना प्रतिसाद जास्त मिळाला: तारखा असलेल्या पण ब्रेक नसलेल्या अर्जांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी, आणि तारखांत ब्रेक दिसणाऱ्या अर्जांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी. वर्षांचा आकडा समोर आला की वाचणाऱ्याचं लक्ष अनुभवाकडे जातं, कॅलेंडरकडे नाही. भावाच्या म्हणण्यातलं अर्धं तथ्य हेच. फक्त ८ ते १५ टक्के ही फार मोठी झेप नाही, आणि नोकरीच्या ऑनलाइन फॉर्मवर तारखांचा रकाना बहुधा भरावाच लागतो. म्हणून मी मधला मार्ग सुचवतो: वर समरीत वर्षं, खाली अनुभवात महिन्यासकट तारखा.

आता लिहायला बसू. समरी चार वाक्यांची ठेवा, पन्नास ते सत्तर शब्द. यापेक्षा लांब झाली की वाचणारा थेट खाली उडी मारतो.

पहिलं वाक्य कामाचं: तुम्ही कोण आणि किती वर्षांच्या अनुभवाच्या. इथे ‘पासून’ नको, नुसता आकडा. आठ वर्षं तीन महिन्यांना ‘आठ वर्षं’ म्हणा. ‘दहाच्या आसपास’ नको, आणि आकड्यापुढे अधिकचं चिन्हही नको. दुसरं वाक्य त्या आठ वर्षांतलं सर्वांत वजनदार काम सांगेल. कौशल्यांची यादी नव्हे, एक जबाबदारी, जिच्यात चूक झाली असती तर कंपनीला फटका बसला असता. तुमच्या बाबतीत ती उघड आहे: महिन्याची बिलं निघण्याआधी सगळं पुन्हा तपासून ‘आता सोडा’ म्हणण्याची जबाबदारी कुणाची होती? लीड म्हणून तुमचीच ना? मग तेच लिहा.

तिसऱ्या वाक्यात ब्रेक. तो या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात येतो आणि तिथेच संपतो. उरलेला अर्धा गेल्या दीड-दोन वर्षांत हाताने केलेल्या कामाचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्रेकवर वाक्य संपलं तर वाचणारा तिथे थांबतो, कामावर संपलं तर कामापाशी थांबतो. चौथं वाक्य छोटं: कोणत्या पदासाठी.

सगळं जोडलं की साधारण असं होतं. अर्ज ज्या भाषेत करणार तिच्यात उतरवून घ्या:

> सॉफ्टवेअर टेस्ट इंजिनिअर, टेस्टिंगचा आठ वर्षांचा अनुभव, शेवटची तीन वर्षं बिलिंग सॉफ्टवेअरच्या टेस्टिंग टीमची लीड. दर महिन्याची बिलं निघण्याआधीचं रिग्रेशन टेस्टिंग आणि रिलीजची अंतिम मंजुरी माझ्याकडे होती. २०१८ पासूनच्या करिअर ब्रेकनंतर पूर्णवेळ कामावर परतत आहे, २०२४ मध्ये एका मोबाइल ॲपचं टेस्टिंग केलं आणि सध्या पायथन व सेलेनियममध्ये लॉगिनपासून बिल डाउनलोडपर्यंतच्या टेस्ट ऑटोमेट करते आहे. बिलिंग किंवा पेमेंट क्षेत्रातल्या टेस्ट इंजिनिअर पदासाठी अर्ज.

यात काय नाही ते बघा. मुलगी नाही, वडील नाहीत, ‘दुर्दैवाने’ नाही, ‘संधी दिल्यास’ नाही. मेहनती असल्याचा दावाही नाही, कारण तो कुणीही करतो आणि कुणाचाही तपासता येत नाही. ब्रेक मात्र आहे, वर्षासकट. पुढे मुलाखतीत कुणी ‘हे आधी सांगितलं नाहीत’ असं म्हणू शकणार नाही.

पद ‘टेस्ट इंजिनिअर’ ठेवलंय, ‘लीड’ नाही. हे तुम्हाला थोडं खटकेल. माझं मत असं की सात वर्षांनी थेट लीडच्या जागेला अर्ज केला तर स्पर्धा त्यांच्याशी होते ज्यांची साधनं कालपर्यंत हातात होती. एक पायरी खालून शिरलात तर आठ वर्षांचा अनुभव तुमच्या बाजूने उभा राहतो. पण हा निर्णय तुमचा. लीडसाठीच अर्ज करायचा असेल तर दुसऱ्या वाक्यात टीम किती जणांची होती तो आकडाही घाला.

तिसऱ्या वाक्याच्या उत्तरार्धात जे लिहाल ते हातात असायला हवं. ‘अद्ययावत आहे’ असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण टेस्टिंगवाल्याला जुनं शिक्षण दोन ओळींत ओळखू येतं. बरेच जण जुन्या व्हिडिओंवरून सेलेनियम शिकतात आणि असं लिहितात:

```python
driver.find_element_by_id("login").click()
```

सेलेनियमच्या चौथ्या आवृत्तीत ही पद्धत आधी कालबाह्य ठरली, आणि २०२२ मध्ये आलेल्या ४.३ पासून पायथनमधून ती काढूनच टाकली. आजच्या आवृत्तीवर हा कोड चालतच नाही. तो असा लिहावा लागतो:

```python
from selenium.webdriver.common.by import By

driver.find_element(By.ID, "login").click()
```

गिटहबवर सरावाचा कोड टाकला असेल आणि त्यात वरची ओळ राहिली असेल, तर समरीतला दावा आणि पुरावा यांचं जमत नाही. तेव्हा आधी आपला कोड ताज्या आवृत्तीवर चालवून बघा, लाल काय दिसतं ते दुरुस्त करा, आणि मगच त्याची लिंक रिझ्युमेत द्या. समरीत टेस्टची संख्या घालायची असेल तर खरोखर चालणाऱ्या टेस्ट मोजा. बारा असतील तर बाराच लिहा. समोरचा विचारेल, ‘यातली कोणती टेस्ट अधूनमधून उगाच फेल होते, आणि का?’ बारा स्वतः लिहिलेल्या असतील तर याचं उत्तर तुमच्याकडे असेल. साठ उतरवून घेतलेल्या असतील तर नसेल.

तुमचा व्यवसाय वेगळा असेल तरी हीच तपासणी लागू पडते. हिशेबनीस असाल, शिक्षक असाल, आर्किटेक्ट असाल, गेल्या काही वर्षांत तुमच्या कामातली कोणती गोष्ट बदलली हे शोधा, आणि ती नव्या पद्धतीने करून झाल्यावरच तिसरं वाक्य लिहा. आधी वाक्य लिहून मग शिकायला बसणाऱ्यांचं वाक्य पोकळ राहतं.

आता मैत्रिणीच्या ॲपकडे. ते पैसे न घेता केलं म्हणून तुम्ही पत्रात जवळजवळ कंसात टाकलंय. काम होतं की नव्हतं हे पैशावरून ठरत नाही. ते कुणाच्या तरी वापरात येणाऱ्या वस्तूवर होतं का, आणि तुमच्या सांगण्यावरून काही बदललं का, यावर ठरतं. अनुभवाच्या यादीत त्याला स्वतंत्र नोंद द्या: पद ‘टेस्टर, विनामोबदला’, तारीख जानेवारी ते एप्रिल २०२४. खाली दोन ओळी. कोणत्या प्रकारचे दोष सापडले? मला वाटतं, औषधांच्या ॲपमध्ये सूचना चुकीच्या वेळी येणं, फोन बंद करून चालू केल्यावर आठवण हरवणं, प्रवासात घड्याळ बदललं की डोस दोनदा दिसणं, असं काहीतरी तुम्हाला सापडलंच असेल. त्यातला एक दोष नीट लिहा: काय होत होतं, कसं पकडलं, मैत्रिणीने ते दुरुस्त केलं का. बिलिंगमधून आलेल्या टेस्टरला तारखा-वेळांच्या चुका दिसतात हे त्या एका ओळीत सिद्ध होतं. ‘विनामोबदला’ हा शब्द मात्र गाळू नका. तो असला की चौकशीत कुणी बिलं मागत नाही. मैत्रिणीकडून चार ओळींचं पत्र घेऊन ठेवा.

खालच्या यादीत सर्वांत वर ब्रेकची नोंद: ‘करिअर ब्रेक, कौटुंबिक देखभाल, ऑक्टोबर २०१८ पासून’. ‘कौटुंबिक देखभाल’ यात मुलगीही येते आणि वडीलही, म्हणून ते खरं आहे, आणि कुणाला तपशील देत नाही. तुम्ही विचाराल, त्या अमेरिकेतल्या अभ्यासानंतरही इथे कारण कशाला? कारण काही महिन्यांची रिकामी जागा वाचणारा सोडून देतो, सात वर्षांची सोडत नाही. काही लिहिलं नाही तर तो स्वतःच्या मनाने भरतो, आणि माणूस मनाने भरतो ते बहुधा वाईटच असतं. दोन शब्दांची किंमत त्या अंदाजापेक्षा कमी आहे. नोंदीखाली स्पष्टीकरण लिहू नका. ॲपची नोंद ब्रेकच्या काळातच पडते, त्याची काळजी नको. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, एकमेकींवर आल्या तरी चालतं.

लिंक्डइनवर करिअर ब्रेकची वेगळी नोंद करण्याची सोय २०२२ पासून आहे. त्यात देखभाल, आरोग्य, पालकत्व, नोकरी जाणं, व्यावसायिक विकास असे प्रकार निवडता येतात. ‘देखभाल’ निवडा. तिथली सर्वांत वरची, नावाखालची ओळ मात्र ब्रेकसाठी वाया घालवू नका. ‘संधीच्या शोधात’ किंवा ‘सात वर्षांनी परतताना’ असं तिथे दिसलं की शोधणाऱ्याला तुमचं काम काय तेच कळत नाही, आणि एचआर तिथे पदाच्या नावाने शोध घेतात. ‘टेस्ट इंजिनिअर, बिलिंग, पायथन, सेलेनियम’ एवढं पुरे. ओळखीचा परिच्छेद लांब लिहिता येतो, पण उघडण्याआधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, तेव्हा समरीतली पहिली दोन वाक्यं तिथे आधी.

एक कंटाळवाणं काम आहे, ते टाळू नका. रिझ्युमे, लिंक्डइन आणि ऑनलाइन फॉर्म, तिन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून बघा. जुन्या कंपनीच्या कार्यमुक्तीच्या पत्रावर शेवटचा दिवस कोणता आहे तोच महिना तिन्हीकडे हवा. बऱ्याच जणांचं लिंक्डइन वर्षानुवर्षं तसंच राहिलेलं असतं आणि तिथे जुनी नोकरी अजून ‘आजपर्यंत’ चालूच असते. रिझ्युमे अगदी खरा असूनही मग तो खोटा ठरतो.

या सगळ्याला एक मोठा अपवाद. काही कंपन्या ब्रेकनंतर परतणाऱ्यांसाठी वेगळे कार्यक्रम चालवतात. काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं पगारी काम, आणि जमलं तर पुढे कायम. गोल्डमन सॅक्स या बँकेने २००८ मध्ये ‘रिटर्नशिप’ नावाने असा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे इतरांनीही असे कार्यक्रम काढले. तिथे ठरावीक काळाचा ब्रेक असणं ही पात्रतेची अट असते. अशा अर्जात समरी उलटी करा: ब्रेक पहिल्या वाक्यात, किती वर्षांचा ते आकड्यात. तुम्ही तो अर्ध्या वाक्यात दडवलात तर छाननी करणाऱ्याला तुम्ही अटीत बसता की नाही हेच दिसणार नाही. म्हणजे समरीच्या दोन प्रती ठेवा. एवढ्याने कंटाळू नका.

ज्यांचं कारण वेगळं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आजारपणामुळे थांबला असाल तर आजाराचं नाव कुठेच लिहायची गरज नाही. यादीत ‘आरोग्याच्या कारणास्तव ब्रेक’, आणि समरीत ‘पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’, कारण वाचणाऱ्याची शंका तेवढीच असते. नोकरी गेली असेल तर ‘कपातीत पद रद्द’ असं सरळ लिहा. स्वतःचा धंदा केला आणि तो बंद पडला असेल तर त्याला ब्रेक म्हणू नका, ते काम आहे. काय विकत होतात, किती वर्षं चाललं, का बंद केलं, हे पुराव्यासकट अनुभवात घाला. ती वर्षं समरीतल्या आकड्यात धरायची की नाही? ज्या पदाला अर्ज करताय त्याच प्रकारचं काम त्यात असेल तर धरा, नसेल तर नको.

मुलाखतीत ब्रेकचा प्रश्न येणारच, आणि उत्तर समरीसारखंच असावं. ‘घरातल्या देखभालीसाठी थांबले होते, ती जबाबदारी आता संपली आहे. २०२४ मध्ये एका ॲपचं टेस्टिंग केलं, त्यातलं एक उदाहरण सांगू?’ आणि लगेच ॲपमधला तो दोष. वडिलांबद्दल बोलताना गळा भरून येण्याची शक्यता असेल तर हे उत्तर आधी मोठ्याने चार-पाचदा म्हणून ठेवा. पुढे खोदून विचारलं, मुलीला कोण सांभाळणार वगैरे, तर ‘त्याची व्यवस्था झाली आहे’ एवढंच. पुन्हा विचारलं तरी तेच.

समरी जमली की नाही हे कसं ओळखायचं? अडकताय कुठे ते बघा. वीस-पंचवीस अर्ज गेले आणि एकही फोन नाही, तर दोष वरच्या चार ओळींत किंवा निवडलेल्या पदात आहे. जाहिरातीतले शब्द समरीत आहेत का ते तपासा, एक पायरी खालचं पद घेऊन बघा. फोन येतात पण पहिल्या बोलण्यानंतर शांतता, तर ब्रेकचं तोंडी उत्तर लांबतंय. तांत्रिक फेरीत गाडी थांबत असेल, तर समरीला हात लावू नका. ती तिचं काम करतेय, वेळ कोडला द्या. अनेक जण या तिसऱ्या टप्प्यावर पुन्हा समरी बदलायला बसतात, कारण ते सोपं असतं.

आणि नोकरी लागली, सहा महिने झाले, की समरीतलं तिसरं वाक्य काढून तिथे नव्या कामाचं वाक्य घाला. खालच्या यादीतली ब्रेकची नोंद मात्र तशीच राहू द्या, शेवटच्या तारखेसकट.